दोन भाषांचा एक पाळणा

आमच्या घरात एक अंगाई आहे. ती कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ती माझ्या आईने केली. मागच्या दाराशी चूल होती, दारात मोती नावाचा कुत्रा होता आणि पाळण्यात मी होते. एवढ्या सामग्रीतून तिने चार ओळी जुळवल्या. त्यांना काव्य म्हणण्याचा तिचा दावा नव्हता.

विस्तव निजला, वारा निजला,
दारामधला मोती निजला;
खिडकीमधला तारा जागा,
त्याला म्हणते आई, 'ये गा!'

या ओळींवर मी वाढले, माझी लेक वाढली. लेक लग्नानंतर इंग्लंडमध्ये, लीड्सला स्थायिक झाली. जावई तिकडचाच, यॉर्कशरचा. नात जन्मली तेव्हा दोघांनी ठरवले की आईने मुलीशी मराठीत बोलायचे आणि बापाने इंग्रजीत. रात्री निजवण्याची पाळी मात्र एकाआड एक होती. तेव्हा जावयाने मला विचारले, 'तुमची अंगाई मला माझ्या भाषेत करून द्याल का? म्हणजे दोन्ही रात्री तिला एकच गाणे मिळेल.'

मी आयुष्यभर मराठी शिकवले आहे आणि अनुवादित बालगीतांच्या पुस्तकांवर परीक्षणेही लिहिली आहेत. चार ओळींचे काम संध्याकाळपर्यंत होईल असे मला वाटले. त्याला पुरती दोन वर्षे लागली. या लेखात जे मांडायचे आहे ते त्या दोन वर्षांत माझ्या हातून जे चुकले त्यातून आलेले आहे. 'एकच गाणे' म्हणजे नेमके काय एक, हा प्रश्न मी तोपर्यंत स्वतःला कधी नीट विचारलाच नव्हता.

अर्थाचा अनुवाद आणि जागे झालेले मूल

पहिला मसुदा मी प्रामाणिकपणे केला. विस्तव झोपी गेला आहे, वारा झोपी गेला आहे, दारातला मोती नावाचा कुत्रा झोपी गेला आहे. इंग्रजीत ते असे झाले: 'द एम्बर्स हॅव गॉन टु स्लीप, द विंड हॅज गॉन टु स्लीप, द डॉग मोती इन द डोअरवे हॅज गॉन टु स्लीप.' पुढे खिडकीतला तारा जागा आहे, आणि आई त्याला ये म्हणते.

'डॉग' हा शब्द मी नंतर घातला. आधी मी नुसते 'मोती' लिहिले होते. जावयाने कोशात पाहिले आणि अत्यंत आदराने मला विचारले, की दारात झोपलेला हा मोती शिंपल्यातला आहे का, आणि त्यामागे काही संकेत आहे का. संकेत काही नव्हता. शेपटी होती.

त्या रात्री त्याने ते गाऊन पाहिले. नात तेव्हा पाच महिन्यांची होती. दुसऱ्या ओळीला तिने डोळे उघडले आणि चौथीला ती रडू लागली. लेकीने तिला खांद्यावर घेतले, मराठी ओळी म्हटल्या, आणि ती निजली. आईचा आवाज, आईचा वास, हे कारण उघड होतेच. पण मला संशय आला तो ओळींचाच, म्हणून दुसऱ्या दिवशी मी टेबलावर बोटाने ठेका धरत दोन्ही मसुदे म्हणून पाहिले.

इंग्रजीत ठेका पडतो तो आघातावर. शब्दातले एक अक्षर जोराने उच्चारले जाते आणि बाकीची त्याच्या आजूबाजूला चेंगरून बसतात. माझ्या मसुद्यातले आघात मोजले तर पहिल्या ओळीत सहा, दुसरीत पाच, तिसरीत तीन, चौथीतही तीन. शिवाय प्रत्येक ओळ 'द' या निराघात शब्दाने सुरू होत होती. म्हणजे थोपटणारा हात ओळीच्या सुरुवातीलाच अडखळायचा, आधी शब्द आणि मग थाप. जावई बिचारा थाप कुठे द्यावी हे शोधत होता आणि नात त्याच्या हाताचा गोंधळ अंगावर झेलत होती. तिला अर्थ कळत नव्हता हे खरेच आहे, पण हात कळत होता.

पाळण्याच्या मात्रा

आता मराठी ओळींकडे पाहू. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव ज्युलियनांनी, 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी जातिरचनेची मांडणी आवर्तनांवर केली. मात्रांचा एक ठरावीक गट पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्या आरंभी टाळी पडते. आठ मात्रांच्या आवर्तनाला त्यांनी पद्मावर्तनी म्हटले, सहांच्या आवर्तनाला भृंगावर्तनी. आईने यातले काही वाचलेले नव्हते, पण तिची प्रत्येक ओळ दोन पद्मावर्तनांची, सोळा मात्रांची आहे. चार-चार मात्रांचे तुकडे पाडले तर ते असे पडतात: विस्तव । निजला । वारा । निजला. दारा । मधला । मोती । निजला.

या तुकड्यांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की जवळजवळ प्रत्येक तुकडा शब्दाबरोबर सुरू होतो. 'दारामधला', 'खिडकीमधला' यांतही टाळी 'मधला'च्या आरंभावर येते, आणि तो कानाला स्वतंत्र शब्दच वाटतो. टाळी कुठेही शब्दाच्या पोटात घुसत नाही. मराठीत इंग्रजीसारखा ठसठशीत आघात नाही, म्हणून कानाला टाळीची जागा कळते ती शब्दारंभावरून आणि गुरू अक्षरावरून. या दोन्ही खुणा एका जागी आल्या की लहान मुलालाही ठेका धरता येतो.

दुसरी गोष्ट 'निजला' या शब्दाची. लिहिताना त्यात तीन अक्षरे आहेत: लघू, लघू, गुरू. मात्रा चार. पण बोलताना आपण 'ज' मधला अकार गिळतो आणि 'निज्‌ला' म्हणतो. आता अक्षरे दोनच राहिली, पण 'निज्' गुरू झाले, त्यामुळे मात्रा पुन्हा चारच. अकार गेला आणि मात्रा उरली. 'विस्तव'चेही तेच, 'विस्‌-तव'. अक्षरांची संख्या बोलण्यात बदलते, मात्रांची बेरीज बदलत नाही. मराठी बालगीत शाळेतल्या शुद्ध उच्चारात आणि घरातल्या घाईच्या बोलण्यात सारखेच तालात राहू शकते, त्याचे हे एक कारण आहे.

तिसरी गोष्ट कागदावर दिसत नाही. आई ही अंगाई झोळीशी म्हणायची. आढ्याला बांधलेली झोळी म्हणजे लंबकच. दोर साधारण २ मीटर लांब असला तर त्याचा जाऊन-येऊन एक पूर्ण झोका सुमारे २.८ सेकंदांचा होतो. मूल वजनाने वाढले तरी त्यात फरक पडत नाही, दोराची लांबी बदलली तरच पडतो. म्हणजे एका बाजूचा झोका १.४ सेकंदांचा. आईच्या चालीत मी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा चार मात्रांना जवळपास तेवढाच वेळ लागत होता. झोळी एकदा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते तेवढ्यात 'विस्तव' होतो, परत येते तेवढ्यात 'निजला'. एक ओळ म्हणजे दोन पूर्ण झोके. चाल आईने ठरवली असे मी समजत होते. ती निम्मी दोराने ठरवली होती.

लीड्सला झोळी नाही. तिथले बाळाचे पलंग चार पायांवर घट्ट उभे असतात. तिथे झोक्याची जागा थापेने घेतली. म्हणून जावयाला हवी होती चार थापांची ओळ.

चार थापा

सुदैवाने इंग्रजी बालगीताचीही तीच मागणी असते. रॉबिन्स बर्लिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्रजी, पेकिंगची चिनी आणि सुमात्रातल्या बेंगकुलूची भाषा अशा तीन एकमेकींशी नाते नसलेल्या भाषांतली मुलांची गाणी त्याने शेजारी ठेवली, तर तिन्हीकडे त्याला चार ठोक्यांची ओळ आणि चार ओळींचे कडवे पुन्हा पुन्हा आढळले. कधी चौथा ठोका मुका असतो, तिथे शब्द नसतो, पण टाळी असतेच. तीन भाषांवरून जगाचा नियम काढता येत नाही, आणि आपल्याकडे सहा मात्रांच्या झुलत्या चालीची बालगीतेही पुष्कळ आहेत. पण माझ्या कामापुरते एवढे पुरेसे होते की आईची सोळा मात्रांची ओळ आणि इंग्रजीची चार ठोक्यांची ओळ ही मापे एकमेकांवर ठेवता येतात. एका ठोक्याला चार मात्रा.

फरक ठोक्यांच्या मधल्या जागेत आहे. मराठीत प्रत्येक अक्षर आपला वाटा मागते. चार मात्रांच्या घरात तीन भरल्या, तर चौथी स्वर लांबवून भरावी लागते. इंग्रजीत दोन ठोक्यांच्या मध्ये एक निराघात अक्षर असो, दोन असोत की काहीच नसो, ठोका आपल्या वेळी पडतो. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना मोकळीक मिळते. इंग्रजीतून मराठीत येताना मात्र हिशेब चुकता करावा लागतो.

हे कळल्यावर मी जावयाला म्हटले, अर्थ बाजूला ठेव. चार थापा दे, पहिल्या थापेवर पहिला शब्द येऊ दे, आणि तुझ्या घरात रात्री काय निजते ते सांग. त्याने सांगितले, की त्यांच्याकडे लाकडी जमीन आहे, ती दिवसभर करकरते आणि रात्री गप्प होते. आठवडाभराने त्याने हे पाठवले:

हश, सेझ फायर, हश, सेझ फ्लोअर,
हश, सेझ मोती बाय द डोअर;
वन स्टार विंकिंग, वाइड अवेक,
आई सेझ, कम, फॉर गुडनेस सेक!

मूळ आणि हे यांची अर्थाने तुलना केली तर अनुवादक नापास होईल. वारा उडाला आणि त्याच्या जागी जमीन आली, ती केवळ 'डोअर'शी यमक जुळावे म्हणून. 'निजला' कुठेच नाही. विस्तव निजण्याऐवजी दुसऱ्याला गप्प राहा म्हणून सांगतो आहे. शेवटच्या ओळीतली आई तर चक्क वैतागली आहे.

पण थापा मोजा. पहिल्या दोन ओळींत सात-सात अक्षरे आणि चार-चार ठोके. ठोका पहिल्याच अक्षरावर, शेवटचा ठोका शेवटच्या अक्षरावर, आणि त्यापुढची रिकामी जागा श्वासाची. आईच्या ओळींत 'निजला' तीनदा येतो आणि तो आवाजच निजवतो. इथे ते काम 'हश' करतो. तोही तीनदा येतो, फक्त तुकड्याच्या शेवटी येण्याऐवजी आरंभी येतो. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत सांगणे आधी. पुनरुक्ती आपापल्या भाषेच्या नैसर्गिक जागी गेली, पण पुनरुक्ती राहिली. 'मोती' मराठीत तिसऱ्या तुकड्यात आहे, इंग्रजीत दुसऱ्या ठोक्यावर. तो शिंपल्यातला की शेपटीवाला, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही, कारण गाण्यात तो फक्त मोती आहे.

शेवटची ओळ मला सर्वांत अचूक वाटते. आईच्या 'ये गा'मध्ये हुकूम नव्हता. किती वेळ जागशील, ये आता, अशी दमलेल्या बाईची लाडिक कटकट होती. 'गा' हे संबोधन इंग्रजीत नेणे अशक्य. जावयाने शब्द सोडला आणि सूर उचलला. त्याच ओळीत त्याने 'आई' तसाच ठेवला, पहिल्या ठोक्यावर. 'आई सेझ' मधली निराघात अक्षरे इंग्रजीच्या सवयीने चेंगरली जातात आणि 'कम' वेळेवर येतो. मी केलेल्या मसुद्यात 'मदर' होता. या घरात मदर कुणीच नाही.

क्रियापदाची गुदगुली

उलट दिशेचा प्रवास अधिक शिकवणारा ठरला. इंग्रजी घरांत तळहाताचा एक खेळ असतो. मोठ्या माणसाचे बोट मुलाच्या तळव्यावर सावकाश गोल फिरते, मग बोटे हातावरून पावले टाकत वर चढतात, आणि शेवटच्या शब्दावर काखेत गुदगुली होते. आपल्याकडेही तळव्यावर बोट टोचून मोराला बसायला बोलावण्याचा खेळ आहे, बोटांना घास वाटत काखेपर्यंत जाण्याचा खेळ आहे. हात सगळीकडे एकच गोष्ट सांगतो. लेकीला तो इंग्रजी खेळ मराठीत हवा होता. मी आधी असे काहीतरी करून दिले:

तळव्यावरती बोट फिरते,
हळूहळू वर चढू लागते,
काखेमध्ये जाऊन बसते
आणि मग ते गुदगुल्या करते.

मात्रा ओढूनताणून बसतात. यमक आहे. तरी खेळ मेला. लेकीने दूरध्वनीवर सांगितले, 'आई, मी करते म्हणेपर्यंत ती हसून मोकळी होते, किंवा हात काढून घेते.' कारण सरळ होते. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. इंग्रजी खेळातला शेवटचा शब्द जागा दाखवणारा असतो, आणि बोट आणि शब्द एकाच क्षणी तिथे पोचतात. माझ्या मराठीत जागा तिसऱ्या ओळीच्या आरंभीच फुटली आणि शेवटच्या ठोक्यावर उरले 'करते'. गुदगुली क्रियापदाला होत नाही, काखेला होते.

मग मला माझ्या कपाटातली अनुवादित बालगीते आठवली. मी पुन्हा काढून पाहिली, तेव्हा पानोपानी ओळींचे शेवट '-ते', '-तो', '-ला', 'आहे', 'होते' असे होते. मराठीत क्रियापदांचे प्रत्यय सारखे असल्याने हे यमक फुकट मिळते, आणि अनुवादक अर्थ सांभाळण्यात गुंतलेला असला की तो ते घेतो. मी स्वतः अशा पुस्तकांना 'मूळाशी इमानदार' असे प्रशस्तिपत्र दिलेले आहे. ते मी इथे परत घेते.

हा दोष नुसता सौंदर्याचा नाही. दोन-अडीच वर्षांचे मूल गाणे म्हणायला लागते ते शेवटाकडून. मोठे माणूस ओळ म्हणते, शेवटच्या शब्दापाशी थांबते, आणि मूल तो शब्द भरते. जे मूल रोज दिवसभर मराठी ऐकते त्याच्या तोंडी 'आहे' आला काय आणि नाही आला काय. पण ज्याला दिवसातून दोनच तास मराठी मिळते, त्याच्यासाठी ती शेवटची जागा फार मोलाची आहे. ती भाषा मुलाच्या स्वतःच्या तोंडून निघण्याची जागा आहे. तिथे 'करते' ठेवणे म्हणजे ताटात पाणी वाढण्यासारखे आहे.

दुसरा खर्डा मी हातावर बोट ठेवूनच केला:

थापू भाकर मोठी मोठी,
आली मुंगी धरून काठी;
कोपर चढली, खांदा चढली,
शिरली कोठे? … काखेत!

तळव्यावर गोल फिरणे म्हणजे भाकरी थापणे झाले, कारण मराठी हाताला गोल फिरण्याची ती ओळख आहे. मुंगीच्या हातात काठी कशाला? यमकाला. नातीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट तिने काठीचे चित्र काढले. तिसऱ्या ओळीत चार तुकडे आणि बोटांचे चार मुक्काम. चौथ्या ओळीत 'कोठे'नंतर जी रिकामी जागा आहे ती मोजून भरायची नाही. ती आईच्या मर्जीवर लांबते, मूल श्वास धरते, आणि मग 'काखेत'. ती ओळ मात्रांनी अपुरी आहे. उरलेल्या मात्रा हसण्याने भरतात.

यातून मी स्वतःसाठी एक क्रम बांधला. आधी ठोक्याची जागा, म्हणजे जिथे हात, थाप किंवा बोट पडते ती. मग ओळीच्या शेवटचा शब्द, कारण तो मूल म्हणणार आहे. मग पुनरुक्ती. मग सूर, म्हणजे लाड की धाक की वैताग. आणि सर्वांत शेवटी, जागा उरली तर, शब्दशः अर्थ. अर्थ शेवटी ठेवला तरी तो हरवत नाही, कारण अंगाईत अर्थ निम्मा शब्दांबाहेरच असतो. थाप सांगते की नीज. बोट सांगते की काख. शब्दाने त्यांच्या आड येऊ नये, इतकेच.

कान किती लवकर जागा होतो

ताल पहिला ठेवण्यामागे माझ्या अनुभवाखेरीज आणखी एक आधार आहे. व्हँकुव्हरमध्ये क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन, जॅनेट वर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालकांवर प्रयोग केले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. काही मातांनी गरोदरपणी फक्त इंग्रजी बोलली होती, काहींनी इंग्रजी आणि तागालोग या दोन्ही नियमित बोलल्या होत्या. या दोन भाषांची लय वेगळ्या जातीची आहे. बाळांना दोन्ही भाषांतली वाक्ये ऐकवली आणि ती किती जोराने चोखतात यावरून त्यांचा रस मोजला. एकभाषी मातांची बाळे इंग्रजीकडे झुकली. द्विभाषी मातांच्या बाळांनी दोन्ही भाषांत सारखा रस दाखवला, आणि तरीही त्यांना त्या दोन वेगळ्या आहेत हे ओळखू येत होते. शब्द कळण्याच्या कितीतरी आधी, केवळ लयीवरून.

म्हणजे दोन भाषांचे मूल घरी येते ते दोन ताल घेऊनच. त्याला एका ताटात दोन्ही वाढले तर त्याचा गोंधळ होईल ही भीती मोठ्यांची असते. माझ्या लेकीलाही ती घातली गेली होती. नात दोन वर्षांची होऊन वाक्ये बोलेना, तेव्हा एका जाणत्या व्यक्तीने तिला एकच भाषा ठेवण्याचा सल्ला दिला होता, आणि ती एक भाषा मराठी नव्हती. लेक त्या रात्री मला म्हणाली, 'मी तिला कुशीत घेऊन माझ्या आईसारखी बोलू नको का?' माझ्याजवळ तेव्हा शास्त्र नव्हते. मी एवढेच म्हटले, की निदान अंगाई बंद करू नकोस.

ताल पुढे, पण किती पुढे?

इथे एक इशारा द्यायला हवा, नाहीतर माझ्या क्रमाचा विपर्यास होईल. ताल आणि ध्वनी यांच्यासाठी अर्थ पूर्ण सोडून दिला तर काय होते, याचा टोकाचा नमुना १९६७ साली लुई दांतँ व्हान रूटेन यांनी एका पुस्तकात दिला. त्यांनी इंग्रजी बालगीतांचे नुसते आवाज घेऊन त्यांना जवळचे फ्रेंच शब्द लावले. फ्रेंच म्हणून वाचले तर काहीतरी विचित्र, अर्धवट अर्थाचे. मोठ्याने म्हटले तर फ्रेंच उच्चारातले इंग्रजी बालगीत. त्यावर गंभीर चेहऱ्याने पांडित्यपूर्ण टिपाही जोडल्या. हा विनोद बहारीचा आहे, पण तो दोन्ही भाषा आधीच येणाऱ्या प्रौढांसाठी आहे. मुलाला त्यातून फ्रेंच मिळत नाही, कारण त्यातले शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

बालगीतातला निरर्थकपणा तसा नसतो. काठी धरून आलेली मुंगी खोटी आहे, पण 'काठी' खरी आहे, 'मुंगी' खरी आहे, आणि 'आली' हे क्रियापद मुंगीच्या लिंगाप्रमाणे बरोबर चालते. गोष्ट वेडी असली तरी भाषा शहाणी असावी लागते. माझ्या नातीने मराठी भूतकाळ शिकला तो 'निजला'वरून. अडीच वर्षांची असताना तिने पांघरुणाखाली पाय घेऊन जाहीर केले, 'पाय निजला.' मग 'बस निजला', कारण घरासमोरची बस रात्री बंद उभी होती. बस मराठीत स्त्रीलिंगी, हे तिला कोण सांगणार! पण निजण्याचे कर्तेपण कशालाही देता येते, हे व्याकरण तिला आईच्या विस्तवाने दिले. व्हान रूटेनच्या वाटेने गेले असते तर हे मिळाले नसते.

मर्यादाही सांगते. अंगाईने मूल मराठी बोलू लागत नाही. नात तीन वर्षांची झाली तेव्हा मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना ती इंग्रजीत उत्तरे देत होती. नंतर तर उत्तर देण्याआधी बापाकडे पाहू लागली. चार ओळी आणि एक मुंगी यांच्या बळावर संभाषण उभे राहत नाही. त्याला माणसे लागतात, भांडणे लागतात, दुकानात जाऊन काहीतरी मागणे लागते. ताल एवढेच करतो की दार लोटलेले ठेवतो, कडी लावू देत नाही.

कसोटी

गेल्या वर्षी मी लीड्सला गेले. निजवण्याची पाळी माझी होती. मी 'विस्तव निजला, वारा निजला' म्हटले, आणि पुढे काही म्हणायच्या आत अंधारातून ठेक्यात आवाज आला:

हश, सेझ मोती, वारा निजला.

मी आपोआप थापत राहिले. हात थांबला नाही. दोन ठोके बापाचे, आठ मात्रा आईच्या, आणि मधला सांधा कुठे जाणवलासुद्धा नाही. तीन वर्षांच्या मुलीने दोन भाषांची ओळ अर्ध्यात कापून एकमेकींना जोडली होती, आणि मापात. हे तिला का जमले? 'मोती' आणि 'निज्‌ला' ही दोन्ही भाषांच्या कानाला सारख्याच घडणीची पावले आहेत, पहिल्यावर भार देऊन दुसऱ्यावर टेकणारी. आणि तिच्या बापाने वारा टाकून जमीन घेतली होती, पण ठोका टाकला नव्हता.

माझा पहिला, अर्थाशी इमानदार मसुदा असता तर हे शक्य नव्हते. सहा आघातांची ओळ सोळा मात्रांच्या ओळीत कुठेही कापली तरी शिवण दिसली असती. तेव्हापासून बालगीताच्या अनुवादाचे परीक्षण करताना मी हीच कसोटी लावते. मूळ ओळीचा पहिला अर्धा आणि अनुवादाचा दुसरा अर्धा सलग म्हणून पाहायचा. मांडीवर हात थापत असेल तर उत्तमच. थाप चुकली नाही तर अनुवाद पास. चुकली, तर अर्थ कितीही बरोबर असो, ते पुस्तक मोठ्यांसाठी आहे.

तिला मी विचारले, 'वारा निजला का गं खरंच?' तिने इंग्रजीत सांगितले, की नाही, बाहेर फार वारा आहे. मग थोड्या वेळाने, झोपेच्या काठावरून, मराठीत म्हणाली, 'तारा जागा.' आणि थांबली. शेवटची ओळ मी म्हणावी म्हणून.